कोरिया आणि फिलिपाइन्स: शाळा की यंत्रं? हिशेब कुणी मांडून दाखवेल का?

अर्धविराम

रॉबर्ट लुकस या अर्थतज्ज्ञाचं १९९३ साली छापलेलं एक व्याख्यान वाचत होतो. सुरुवातीलाच त्यानं दोन देश शेजारी शेजारी ठेवलेत आणि मी तिथंच अडकलोय.

दक्षिण कोरिया आणि फिलिपाइन्स, साल १९६०. दरडोई उत्पन्न जवळपास सारखं. लोकसंख्या अडीच ते पावणेतीन कोटी, म्हणजे तीही एकमेकांच्या आसपास. प्राथमिक शाळेच्या वयाचे मुलगे दोन्हीकडं जवळजवळ सगळे शाळेत. माध्यमिकला दोन्हीकडं साधारण पाव हिस्सा. फरक होता तो कॉलेजात: विशीच्या सुरुवातीच्या तरुणांपैकी कोरियात ५ टक्के कॉलेजात होते आणि फिलिपाइन्समध्ये १३ टक्के.

पुढची अठ्ठावीस वर्षं कोरियाचं दरडोई उत्पन्न वर्षाला ६.२ टक्क्यांनी वाढलं, फिलिपाइन्सचं १.८ टक्क्यांनी. ऐकायला फरक साडेचार टक्क्यांचाच वाटतो. पण चक्रवाढीनं बसून काढलं तर १९८८ पर्यंत कोरिया सुमारे ५.४ पट झाला आणि फिलिपाइन्स जेमतेम १.६५ पट. एकाच रेषेवर उभे असलेले दोघं, आणि एक दुसऱ्याच्या सव्वातीन पट पुढं.

मला आजवर असंच वाटत आलंय की देश पुढं जातो तो शिकलेल्या माणसांमुळं, अर्थतज्ज्ञ ज्याला 'मानवी भांडवल' म्हणतात त्यामुळं. मग इथं फिलिपाइन्स पुढं जायला हवा होता. म्हणजे खरा फरक यंत्रं, कारखाने, बंदरं यांचा का? की शिक्षण मोजण्यातच माझं काही चुकतंय?

शंकासुर

उत्तर तुम्हीच देऊन टाकलंत की! यंत्रं.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला कोरियाची गुंतवणूक उत्पन्नाच्या दहा-पंधरा टक्के होती, ऐंशीच्या दशकात ती तिशीच्या घरात गेली. एवढं लोखंड आणि काँक्रीट ओतल्यावर कुणीही वाढेल. माझ्या शब्दावर विसंबायची गरज नाही. ॲल्विन यंगनं १९९५ साली पूर्व आशियाई देशांचा हिशेब छापला आहे. कोरियासाठी त्यानं १९६६ ते १९९० हा काळ घेतला, शेती वगळून. आकडे असे:

उत्पादन वर्षाला १०.३ टक्के वाढलं.
भांडवल १३.७ टक्के वाढलं.
श्रम ६.४ टक्के वाढले. त्यातला सुमारे एक टक्का कामगार जास्त शिकलेले मिळाले म्हणून, बाकीचे नुसती डोकी आणि तास वाढले म्हणून.

उत्पन्नात भांडवलाचा वाटा साधारण ०.३ आणि श्रमाचा ०.७. वाढीला या वाट्यानं गुणलं की १०.३ पैकी चार टक्के सरळ भांडवलाचे. शिक्षणाचे? एक गुणिले ०.७, म्हणजे पाऊण टक्कासुद्धा नाही. तंत्र, शिस्त, सरकारची हुशारी वगैरे जे काही उरतं ते सगळं मिळून १.७.

चार विरुद्ध पाऊण. धागा बंद करायला हरकत नाही.

निशिगंधा

मला मुळात हा प्रश्नच खटकला. मुलांना शाळेत घालायचं की कारखाने काढायचे, असा पर्याय कुठल्याही देशापुढं ठेवणं म्हणजे मुलांना यंत्राच्या तागडीत टाकणं. वर त्यांना 'मानवी भांडवल' म्हणायचं! अठरा वर्षं शिकवतेय, एकही मूल मला भांडवल वाटलं नाही.

अर्धविराम

निशिगंधाताई, पैसे कशावर खर्च करावेत हा प्रश्न नाहीये. १९६० ते १९८८ मध्ये जे घडून गेलं त्याचं कारण काय, एवढंच विचारतोय. शाळा हवीच, त्यावर वाद नाही. शब्द मलाही फारसा आवडत नाही, पण रूढ आहे.

पेन्शनर

दुसऱ्या महायुद्धानंतरची जर्मनी बघा. शहरं बेचिराख, कारखाने उद्ध्वस्त, आणि पंधरा वर्षांत देश पुन्हा उभा. यंत्रं गेली पण ती बनवणारी डोकी शाबूत राहिली. याहून मोठा पुरावा काय हवा? शंकासुरांचा हिशेब इथं कोलमडतो.

उगाच

आलं, जर्मनी आलं. पाचव्या प्रतिसादाच्या आत येणार याची खात्री होती.

चक्रवाढ

उशिरा आलो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांत पोटापाण्यासाठी बरीच वर्षं घालवली आहेत, त्यामुळं हा धागा बघून राहवलं नाही.

आधी पेन्शनरकाकांचं. उदाहरण जितकं निर्विवाद वाटतं तितकं नाही. बॉम्ब घरांवर आणि रेल्वेवर जास्त पडले. कारखान्यांत युद्धाच्या वर्षांत इतकी नवी यंत्रं बसवली गेली होती की १९४५ साली पश्चिम जर्मनीतल्या उद्योगांची यंत्रसामग्री युद्धापूर्वीपेक्षा कमी नव्हती. म्हणजे 'यंत्रं गेली, माणसं राहिली' हा प्रयोग तिथं नीट झालाच नाही. शिवाय पूर्वेकडून लाखो निर्वासित आले, त्यामुळं माणसंही तीच राहिली नाहीत.

काकांचा मुद्दा जिथं खरोखर तपासता येतो अशी एक लहान जागा आहे: जर्मन आणि ऑस्ट्रियन विद्यापीठांचे विज्ञान विभाग. काही विभागांच्या इमारती बॉम्बहल्ल्यांत गेल्या. काही विभागांतले शास्त्रज्ञ १९३३ नंतर नाझींनी ज्यू म्हणून किंवा राजकीय कारणानं काढून टाकले. फाबियान वाल्डिंगरनं दोन्ही नुकसानं शेजारी ठेवून मोजली. इमारतींचा फटका काही वर्षांत भरून निघाला. माणसं गेल्याचा फटका १९८० पर्यंत संशोधनात दिसत राहिला. पण ते विद्यापीठ होतं. पोलाद कारखान्यावर ते तसंच लागू होईल असं मी म्हणणार नाही.

आता शंकासुर. तुमचे आकडे बरोबर, गुणाकारही बरोबर. माझी हरकत वाटणीला आहे, म्हणून एक छोटं उदाहरण घेतो.

समजा एका देशातल्या सगळ्या कामगारांचं कसब दुप्पट झालं, बाकी काही बदललं नाही. बचतीचा दर तोच, उत्पन्नाच्या वीस टक्के म्हणू. कसबी हातात यंत्र दिलं की ते जास्त उत्पादन देतं, म्हणून उत्पन्न वाढतं. त्या वाढलेल्या उत्पन्नाचे वीस टक्के पुन्हा यंत्रांत जातात. काही वर्षांनी बघाल तर दर कामगारामागचं उत्पादन दुप्पट झालेलं असेल आणि दर कामगारामागची यंत्रंही दुप्पट. आता तुमच्या पद्धतीनं वाटणी करा. यंत्रं दुप्पट झाली, त्यांचा वाटा एक तृतीयांश धरला तर वाढीचं एक तृतीयांश श्रेय यंत्रांना गेलं. पण कुणीही दमडी जास्त वाचवलेली नव्हती! ती यंत्रं कसबाच्या मागोमाग आली होती.

म्हणून पीटर क्लेनो आणि आंद्रेस रॉड्रिगेझ-क्लेअर यांनी १९९७ साली, आणि रॉबर्ट हॉल आणि चार्ल्स जोन्स यांनी १९९९ साली हिशेब वेगळा मांडला. यंत्रं किती वाढली हे न बघता उत्पादनाच्या मानानं किती वाढली हे बघायचं. उत्पादनाच्या बरोबरीनं जी वाढली ती परिणाम म्हणून आली असं धरायचं. उत्पादनाला मागं टाकून जी वाढली तेवढ्याचंच श्रेय भांडवलाला.

तुमचेच कोरियाचे आकडे घेऊन दोन्ही वाटण्या करतो. आधी नुसती डोकी आणि तास वजा करू, कारण कामगार वाढल्यानं देश मोठा होतो, श्रीमंत होत नाही. ६.४ मधून शिक्षणाचा एक टक्का काढला की ५.४ उरतात. उत्पादन १०.३ वजा ५.४, म्हणजे दर कामगारामागं ४.९ टक्के. भांडवल १३.७ वजा ५.४, म्हणजे दर कामगारामागं ८.३ टक्के.

तुमची वाटणी: ४.९ पैकी भांडवल सुमारे २.५, शिक्षण ०.७, उरलेलं १.७. भांडवलाला निम्मं श्रेय.

दुसरी वाटणी: भांडवल उत्पादनापेक्षा ८.३ वजा ४.९, म्हणजे ३.४ टक्के जोरात वाढलं. या पद्धतीत त्याचं वजन ०.३ भागिले ०.७ येतं, म्हणजे ०.४३. गुणाकार सुमारे १.५. शिक्षणाचा एक टक्का आता पुरता एक धरला जातो, कारण त्याच्या मागोमाग आलेली यंत्रं त्याच्याच खात्यावर. उरलेलं १.७ भागिले ०.७, म्हणजे सुमारे २.४. बेरीज पुन्हा ४.९.

देश तोच, काळ तोच, आकडे तेच. भांडवलाचं श्रेय निम्म्यावरून तीन दशांशांवर आलं आणि 'उरलेलं' निम्म्यावर गेलं. तुम्ही म्हणालात चार विरुद्ध पाऊण. मी म्हणतो १.५ विरुद्ध १, आणि दोघांपेक्षा मोठं असं २.४, ज्याला आपल्याकडं नीटसं नावही नाही.

शंकासुर

म्हणजे आकडे माझे आणि निकाल तुमचा! वाटणी बदलून श्रेय फिरवता येत असेल तर हे शास्त्र कसलं?

माझा आक्षेप सरळ आहे. यंत्रं कसबाच्या मागोमाग आली हे तुम्ही गृहीत धरलंत. कोरियात ती आपोआप आली नाहीत. सरकारनं बँका ताब्यात घेऊन निवडक उद्योगांना स्वस्त कर्ज ढकललं. डॅनी रॉड्रिकनं १९९५ साली हेच मांडलंय की कोरिया आणि तैवानची वाढ गुंतवणुकीच्या उधाणातून आली आणि ते उधाण सरकारनं घडवून आणलं. मग ती गुंतवणूक परिणाम कशी? तेच कारण.

चक्रवाढ

हा आक्षेप खरा आहे आणि मी तो झटकणार नाही. गुंतवणुकीचा दरच वर नेला तर ती वाढ कारण म्हणून मोजायला हवी, आणि १.५ मध्ये ती मोजलेली आहे. उत्पादनाला मागं टाकून जे भांडवल वाढलं ते त्या ढकलगाडीचंच. पण ढकलल्यामुळं उत्पादन वाढलं आणि त्या उत्पादनातून पुन्हा यंत्रं आली तर ती कुणाच्या खात्यावर, यावर अजून भांडण आहे. वाटणी कारण सिद्ध करत नाही, इतपत तुमचं म्हणणं मला मान्य.

रॉड्रिकचं दुसरं अर्धं मात्र तुम्ही गाळलंत. तो असंही म्हणतो की १९६० मध्ये कोरियात उत्पन्नाच्या मानानं शिकलेले कामगार भरपूर होते आणि स्वस्त होते, म्हणूनच ती गुंतवणूक फायद्याची ठरणार होती. सरकारनं धक्का दिला तो चालू शकणाऱ्या गाडीला.

आणखी एक. नुसती बचत वाढवून किती पुढं जाता येतं त्याला मर्यादा आहे. यंत्रांचा वाटा एक तृतीयांश धरला तर रॉबर्ट सोलो या अर्थतज्ज्ञाच्या वाढीच्या गणितात बचतीचा दर चौपट केला तरी दीर्घकाळात उत्पन्न फक्त दुप्पट होतं. दहावं यंत्र पहिल्याइतकं काम देत नाही. कोरिया ५.४ पट झाला. एकट्या बचतीला ते झेपणारं नाही.

लेथवाला

मला गणितातलं ओ की ठो कळत नाही, पण या वादातला मीच एक नमुना आहे म्हणून लिहितो.

सीएनसी मशीनवर अकरा वर्षं काम केलं, मग देश सोडून बाहेर गेलो. तिथंही सीएनसीच, त्याच कंट्रोलरचं. प्रोग्रॅम तोच, कटिंग टूल तेच, हात तेच. पगार पहिल्याच महिन्यात तिपटीच्या वर. विमानात बसून उतरेपर्यंत माझं मानवी भांडवल तिप्पट झालं काय?

फरक काय होता सांगतो. इथं टूल तुटलं तर स्टोअरमधून नवीन मिळायला दुपार व्हायची, तोवर मशीन उभं. तिथं टूल तुटण्याआधीच बदलायचं ठरलेलं, शेजारच्या ट्रॉलीत सगळं मोजून लावलेलं. इथं ड्रॉइंगमध्ये चूक दिसली तर साहेबांना सांगायची सोय नव्हती, तुकडा भंगारात जायचा. तिथं मी हात वर केला की डिझाइनवाला खाली यायचा. मशीन सारखं, माणूस सारखा, पण दिवसाला निघणारे तुकडे सारखे नाहीत.

हे तुमच्या हिशेबात कुठं बसतं?

उगाच

या धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. चक्रवाढ, आता बोला.

चक्रवाढ

लेथवाले, तुम्ही जे सांगितलंत ते 'उरलेल्या' २.४ मध्ये बसतं. आम्ही त्याला उत्पादकता म्हणतो, कारण 'ट्रॉली आणि हात वर करणं' असं लिहिलं तर लेख कुणी छापणार नाही.

पण गंमत अशी की तुमच्यासारख्या माणसांवरूनच उलट बाजूचा सर्वात तगडा पुरावा निघाला. लुट्झ हेंड्रिक्स आणि टॉड शोएलमन यांनी अमेरिकेत गेलेल्या स्थलांतरितांचा जाण्याआधीचा आणि गेल्यानंतरचा पगार तपासला. २०१८ साली ते छापून आलं. विचार साधा आहे: माणूस तोच, देश बदलला. सगळा फरक देशाचा असेल, म्हणजे यंत्रांचा आणि कामाच्या पद्धतीचा, तर पगार दोन देशांतल्या पूर्ण दरीइतका वाढायला हवा. सगळा फरक माणसाचा असेल तर पगार वाढायलाच नको.

पगार वाढला, पण दरीच्या सुमारे ४० टक्केच. हे टक्के पटींच्या हिशेबातले आहेत. म्हणजे दोन देशांत दहापट दरी असेल तर पगार साधारण अडीचपट झाला. उरलेली चौपट दरी माणसाबरोबर विमानात बसून गेली. त्यांचा निष्कर्ष असा की देशादेशांतल्या उत्पन्नाच्या फरकात साधारण ६० टक्के वाटा मानवी भांडवलाचा.

शंकासुर

थांबा. बाहेर जाणारा माणूस सरासरी नसतो. लेथवाले अकरा वर्षांचा अनुभव घेऊन गेले. जो धडपड्या आहे तोच जातो.

चक्रवाढ

बरोबर, आणि म्हणूनच त्यांनी जाण्याआधीचा पगार घेतला. जुन्या अभ्यासांत फक्त अमेरिकेतला पगार असायचा, त्यामुळं ही निवड दिसायची नाही. यांना दिसलं की गरीब देशांतून आलेले लोक मायदेशातच सरासरीच्या बरेच वर होते. ते लक्षात घेऊनच ६० टक्के निघाले.

तरी एक छिद्र राहतंच. डॉक्टर टॅक्सी चालवायला लागला तर त्याचा पगार कमी वाढतो आणि हिशेबात ते 'माणसाचं कसब कमी होतं' असं दिसतं. त्यांनी त्यासाठी दुरुस्ती केली आहे, पण पूर्ण समाधान होत नाही.

लेथवाला

टॅक्सीचं खरं आहे. माझ्याबरोबर राहायचा तो मायदेशी सर्व्हेअर होता. तिथं चार वर्षं गोदामात खोकी उचलली, कागदपत्रं मान्य होईपर्यंत. त्याचं कसब कुणी मोजलं?

निशिगंधा

आधी प्रश्न चुकीचा समजले, कबूल. आता माझ्या कामाचा मुद्दा दिसतोय.

मूळ धाग्यात शिक्षण मोजलंय ते कसं? किती टक्के मुलं शाळेत होती आणि किती टक्के तरुण कॉलेजात. पटावरची संख्या आणि डोक्यात काय गेलं यात किती अंतर असतं ते माझ्यासारख्या कुणालाही विचारा. सहावीत बसलेलं मूल सहावीचं असतंच असं नाही. २००३ सालच्या टिम्स या आंतरराष्ट्रीय चाचणीत आठवीच्या मुलांना गणितात कोरियाचे सरासरी ५८९ गुण होते आणि फिलिपाइन्सचे ३७८. म्हणजे दोन्हीकडची आठ वर्षं ही एकच वस्तू नाही. अर्धविराम यांनी विचारलं होतं, मोजण्यात चुकतंय का. तर हो, इथं चुकतंय.

चक्रवाढ

मुद्दा एकदम मर्मावर आहे. एरिक हानुशेक आणि लुडगर वोसमन हे वर्षानुवर्षं हेच सांगतात: शाळेची वर्षं मोजली तर वाढीशी नातं ढिलं दिसतं, चाचणीतले गुण घेतले तर नातं घट्ट होतं. मी केलेल्या हिशेबातसुद्धा 'शिक्षणाचा एक टक्का' हा शाळेची वर्षं आणि पगार यांवरून आलाय. शिकवण्याची प्रत सुधारत गेली असेल तर ती २.४ मध्ये लपलेली आहे.

पण २००३ चे गुण १९६० च्या वादात पुराव्याला आणता येणार नाहीत, ताई. तोवर कोरिया श्रीमंत झाला होता. श्रीमंत देशाला चांगले शिक्षक आणि लहान वर्ग परवडतात. गुणांमुळं वाढ की वाढीमुळं गुण, ते या दोन आकड्यांवरून ठरत नाही.

निशिगंधा

लहान वर्ग? कोरियातले त्या काळचे वर्ग साठ-साठ मुलांचे असायचे असं वाचलंय. परवडण्याचा मुद्दा तितकासा पटला नाही.

चक्रवाढ

तो शब्द मी सवयीनं लिहिला, मागे घेतो. वर्ग खरंच मोठे होते. तारखांचा आक्षेप मात्र कायम.

अर्धविराम

चर्चा माझ्या अपेक्षेपेक्षा फार पुढं गेली. एक राहून गेलं: लुकस स्वतः या कोड्याचं काय उत्तर देतो ते मी लिहिलंच नाही.

तो म्हणतो, शाळेपेक्षा कामावर शिकणं मोठं. उदाहरण देतो ते अमेरिकेनं दुसऱ्या महायुद्धात बांधलेल्या लिबर्टी जहाजांचं. एकाच नमुन्याची जहाजं वेगवेगळ्या गोद्यांत बांधली जात होती, एकूण २,७१० झाली. गोदीनं बांधलेल्या जहाजांची संख्या दुप्पट झाली की एका जहाजाला लागणारे मनुष्यतास १२ ते २४ टक्क्यांनी कमी व्हायचे. नमुना तोच, माणसं हात बसवत गेली. लुकसच्या मते कोरिया सतत नव्या, अवघड वस्तूंकडं वळत राहिला, म्हणून हे शिकणं थांबलं नाही. एकाच वस्तूवर राहिलं की शिकण्याचा वेग मंदावतो.

हे मला फार पटलं. यंत्रं आणि शाळा दोन्हींच्या मधलं काहीतरी.

शंकासुर

हाहा! आता माझी पाळी. त्या लिबर्टी जहाजांचं पुढं काय झालं ते माहीत आहे का?

पीटर थॉम्प्सननं २००१ साली गोद्यांची जुनी दप्तरं उकरून काढली. त्याआधी सगळे धरून चालले होते की गोद्यांची यंत्रसामग्री तीच राहिली आणि फक्त माणसं शिकली. दप्तरात निघालं की गोद्यांत त्या काळात भरपूर नवी गुंतवणूक होत होती. ती जमेस धरल्यावर 'शिकण्याचा' मोठा हिस्सा उडाला. शिवाय काम उरकण्याच्या घाईत जहाजांची प्रतही थोडी खालावली होती. ज्याला सगळे कसब म्हणत होते त्यातलं बरंचसं यंत्र निघालं.

चक्रवाढ, तुम्ही दाखवलंत की यंत्राच्या खात्यावर कसब लिहिलं जातं. हे त्याच्या उलट.

चक्रवाढ

मान्य, पूर्ण मान्य. शिकणं उरलं, पण आधी वाटलं होतं त्याहून बरंच कमी. आणि ते कळलं ते दप्तरं हाती लागली म्हणून. देशाच्या पातळीवर अशी दप्तरं सापडत नाहीत.

पेन्शनर

मग कोरियानं नेमकं केलं काय? सगळं कुणा ना कुणाच्या खात्यावर मांडताय, पण कारखान्यात घडलं काय ते कुणी सांगत नाही.

चक्रवाढ

काका, एकच सांगतो. पोहांगचा पोलाद कारखाना. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यासाठी परदेशी कर्ज मिळेना, जागतिक बँकेचं मत प्रकल्प परवडणार नाही असं होतं. शेवटी जपानकडून १९६५ च्या करारानुसार मिळालेल्या रकमेतला भाग तिथं वळवला. १९७३ मध्ये उत्पादन सुरू झालं. पण भट्टी पेटण्याच्या कितीतरी आधी त्यांचे अभियंते आणि फोरमन जपानी पोलाद कारखान्यांत जाऊन उभे राहून शिकत होते. यंत्रं आणि माणसं एकाच वेळी तयार झाली.

आता याची वाटणी कशी करायची? भट्टीशिवाय ती माणसं रिकामी, माणसांशिवाय भट्टी थंड. दोन्ही एकमेकांत इतकी गुंतलेली असतात तेव्हा श्रेय टक्क्यांत विभागता येतं हेच मुळात एक गृहीतक आहे. माझ्या १.५ आणि १ या आकड्यांखालीसुद्धा तेच आहे.

अर्धविराम

मग हीच वाटणी फिलिपाइन्ससाठी करून द्याल का? कोरियाचा हिशेब झाला, पण माझं कोडं दोघांमधल्या फरकाचं होतं.

चक्रवाढ

करता येईल, पण दोन गोष्टींनी हात आखडतो.

पहिली, तुमचा काळ. लुकसचे आकडे १९८८ ला संपतात. १९८३ मध्ये फिलिपाइन्सला परकीय कर्जाचं संकट आलं आणि १९८४ आणि १९८५ या दोन्ही वर्षी उत्पादन सात-सात टक्क्यांनी घसरलं. १.८ टक्क्यांच्या सरासरीत हा खड्डा आहे. १९८० ला काळ संपवला तर अंतर कमी दिसतं. उलटत मात्र नाही.

दुसरी गोष्ट भांडवलाच्या मोजणीची, आणि ती मला जास्त छळते. बतानचा अणुवीज प्रकल्प घ्या. १९७६ मध्ये बांधायला घेतला, दोन अब्ज डॉलरच्या वर खर्च झाला, बांधून पुरा झाला आणि १९८६ मध्ये गुंडाळून ठेवला. एक युनिट वीज त्यातून बाहेर पडली नाही. कर्ज मात्र २००७ पर्यंत फेडत होते.

देशाचं भांडवल आम्ही मोजतो ते दरवर्षीची गुंतवणूक बेरजेत टाकून आणि झीज वजा करून. यंत्र चालतंय का हे त्या बेरजेला कळत नाही. तो प्रकल्प बेरजेत पुऱ्या किमतीनं बसतो. मग हिशेब म्हणतो, भांडवल वाढलं पण उत्पादन वाढलं नाही, सबब 'उरलेलं' घसरलं, म्हणजे लोकांची उत्पादकता कमी झाली. वायर ओढणाऱ्या माणसाचा त्यात काय दोष? लँट प्रिचेट याच गोष्टीवरून भांडत आलाय की खर्च केलेली रक्कम म्हणजे भांडवल नव्हे.

शंकासुर

मग असं करा, तो प्रकल्प शून्य किमतीनं धरा.

चक्रवाढ

धरतो. मग अर्धवट भरलेली बंदरं, चाळीस टक्के चालणाऱ्या साखर गिरण्या, वर्षातले तीन महिने वीज नसलेले कारखाने, हे किती किमतीनं धरू? आणि कोरियात असे प्रकल्प नव्हते असं थोडंच आहे! सत्तरच्या दशकातल्या अवजड उद्योगांच्या मोहिमेत तिथंही बरीच यंत्रं रिकामी पडून होती.

लेथवाला

आमच्याकडं एक मशीन होतं. आलं तेव्हा नारळ फोडला, साहेबांनी फोटो काढला. त्याचा स्पेअर पार्ट परदेशातून यायचा होता तो आलाच नाही. सात वर्षं ताडपत्रीखाली. दर मार्चला ऑडिटवाला यायचा, ताडपत्री उचलून नंबर बघायचा, टिक करायचा, निघून जायचा.

उगाच

वर्षाला झीज किती टक्के लावत होता?

लेथवाला

पंधरा. न झिजता.